मृत्युपत्रात पेनाने केलेला बदल टिकणार नाही, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ताईने फोनवर सांगितलं की तुम्ही २०१३ च्या मृत्युपत्रातली एफडीची ओळ निळ्या पेनाने खोडून वर "अर्धी बाग थोरल्या मुलीला" असं लिहिलंत आणि बाजूला सही केलीत. तुमच्या मनातलं मला पटलंय, बाग माझ्या नावावर लिहिलेली असली तरी. पण असं लिहिलेलं चालत नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ७१ म्हणतं की मृत्युपत्र झाल्यावर केलेली खाडाखोड मूळ मृत्युपत्रासारखीच, म्हणजे तुमच्या सहीने आणि दोन साक्षीदारांच्या सहीने व्हायला हवी. नुसती तुमची सही असेल तर जुना मजकूर वाचता येतोय तोवर तोच धरला जाणार. म्हणजे कागदावर बाग अजून पूर्ण माझीच, आणि ताईला जी एफडी लिहिली होती ती तर आईच्या ऑपरेशनला मोडली. जी वस्तू नेमकी सांगून दिली ती तुमच्या हयातीतच संपली तर तिच्या बदल्यात दुसरं काही आपोआप मिळत नाही. ताईच्या हाती शून्य येईल आणि हे तुम्हाला कधीच नको होतं.

आता वकील म्हणतील पुरवणी करू, म्हणजे कोडिसिल. तो वेगळा कागद असतो, मूळ मृत्युपत्राची तारीख आणि नोंदणी नंबर सांगून अमुक कलम बदललं, बाकी कायम असं लिहायचं आणि तुमची आणि दोन साक्षीदारांची सही. मूळ नोंदणीकृत असलं तरी पुरवणी नोंदवलीच पाहिजे असं नाही, पण मी तरी नोंदवाच म्हणेन, हरवायची भीती कमी. नुसतं अण्णाकाका गेले म्हणून मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक बदलायचा असता तर पुरवणी अगदी पुरेशी होती, एका ओळीचं काम, वाटणीला हात लागत नाही.

इथे तसं नाही ना. समजा पुरवणीत लिहिलं "अर्धी बाग मुलीला". कुठली अर्धी? विहिरीकडची की वरच्या बांधाकडची, हापूसची जुनी कलमं सगळी वरच्या अंगाला आहेत आणि तिथे जायची वाट खालच्या तुकड्यातून जाते, वाटेचा हक्क लिहिला नाही तर ताईने आंबे उतरवायचे कसे? शिवाय मूळ मृत्युपत्राच्या शेवटी "उरलेली सर्व मिळकत धाकट्या मुलास" आहे, म्हणजे नंतर जमलेला पैसाही माझाच होतो. मग पुरवणीत तेही बदला, व्यवस्थापकही बदला, आणि पुढे वाचणाऱ्याने दोन कागद शेजारी ठेवून कुठलं कलम कुठल्याने कापलं ते जुळवत बसायचं. दोन कागद म्हणजे साक्षीदारांचे दोन संच, उद्या वाद झाला तर दोन्ही वेगवेगळे सिद्ध करायचे आणि २०१३ चे साक्षीदार तुमच्याच वयाचे आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत, नवीनच मृत्युपत्र करा. त्यात पहिल्यांदा "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द करीत आहे" हे हवंच, नाहीतर जुन्यातला जो भाग नव्याच्या विरोधात जात नाही तो जिवंत राहू शकतो. बागेचा सर्व्हे नंबर आताच्या सातबाऱ्यावरून घ्या, जुन्या कागदावरून उतरवू नका, आणि तुकडे चारी दिशांच्या हद्दींसह लिहा, वाटेसकट. सातबारा काकांच्या नावाबरोबर सामाईक असेल तर तुमच्या हिश्शापुरतंच देता येईल. ताईला जास्त का देताय तेही दोन ओळीत लिहा, दादाला प्रश्न पडणार नाही.

जुनं मृत्युपत्र मात्र फाडू किंवा जाळू नका हं. रद्द करायच्या हेतूने फाडलं की तेही रद्द होतं, मग नवं काही कारणाने कोर्टात टिकलं नाही तर हातात काहीच उरत नाही. नवं पडलं तर त्यातलं रद्द करायचं वाक्यही त्याच्याबरोबर पडतं आणि जुनं उभं राहू शकतं. वेगळ्या पाकिटात ठेवा.

दुय्यम निबंधकाकडे जाताना मी, ताई, दादा कोणीच सोबत येणार नाही. ज्याला मिळणार तोच कागद करून घ्यायला पुढे असेल तर कोर्ट संशयाने बघतं. साक्षीदार तुमच्यापेक्षा बरेच लहान, गावातच राहणारे, ज्यांना काही मिळत नाही असे घ्या. त्यांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं. त्याच दिवशी डॉक्टरांकडून तुम्ही शुद्धीवर आहात, समजून सही करताय असं लिहून घ्या, बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून उगाच कोणी बोट ठेवायला नको.

आई, तुझे दागिने आणि माहेरच्या जमिनीतला हिस्सा बाबांच्या कागदात येणार नाही, त्याचं तू वेगळं कर. सातबाऱ्याचा फोटो पाठव, मी सर्व्हे नंबर तपासून देतो, मसुदा मात्र वकीलच करतील.

तुमचा,
सुहास