पीएफचं आत्ताच बघून घे

चि. गणेश यास अनेक आशीर्वाद.

वाळूजला ठेकेदाराकडे लागलास असं आईनं फोनवर सांगितलं. पहिला पगार व्हायच्या आत हे पत्र तुला मिळावं म्हणून लगेच लिहायला बसलो.

घराच्या पत्र्यांसाठी पीएफमधून उचल घ्यावी म्हणून चाकणच्या सायबर कॅफेत गेलो होतो. पासबुकात पहिल्या पाच महिन्यांची रक्कम दिसली. पुढच्या नऊ महिन्यांचा पत्ताच नाही. पगारपत्रकावर मात्र दर महिन्याला ‘पीएफ 1440’ कापलेले आहेत. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 12,000, त्याचे 12 टक्के. तेवढेच ठेकेदारानं घालायचे. त्यातले हजार पेन्शनला जातात, 440 माझ्या खात्यात. दर महिन्याचं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावं लागतं. नऊ महिन्यांचे नुसते माझ्या पगारातून गेलेलेच 12,960 होतात. माझ्या घामाचा पैसा त्यानं वापरला, याचा राग अजून जात नाही.

इतके दिवस कळलं कसं नाही? माझ्या यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाला, मोबाईल नंबर ठेकेदाराच्या मुकादमाचा लावलेला होता. येणारे मेसेज सगळे त्याच्याकडे.

ठेकेदार म्हणाला, कंपनीनं बिल थकवलंय. कंपनीतले साहेब म्हणाले, हा तुमचा आणि ठेकेदाराचा प्रश्न. पण पीएफ कार्यालयातल्या बाईंनी नीट समजावलं. ज्या कंपनीत आपण राबतो ती मूळ मालक. ठेकेदारानं भरलं नाही तर भरायची जबाबदारी तिच्यावर येते, मग तिनं ते ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावं. म्हणून मी अर्जात दोघांचीही नावं घातली. पगारपत्रकं, बँकेचं पासबुक आणि गेटपासची झेरॉक्स जोडली. गेटपासवर कंपनीचं नाव असतं, त्या कंपनीत आपण कामाला होतो हे त्यावरून दाखवता येतं. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. आता चौकशी लागेल, दोघांना नोटिसा जातील. वेळ लागणार. पत्रे यंदा होत नाहीत, आईला तसं सांग.

आमच्यातल्या रोखीनं पगार घेणाऱ्या पोरांचे फार हाल आहेत. त्यांच्याकडे दाखवायला कागदच नाही. तू पगार बँकेतच घे आणि पगारपत्रक मागून घे, नाही दिलं तर हजेरी कार्डाचा फोटो काढत जा. यूएएन स्वतःच्या फोनवर चालू कर, आधार आणि बँक खातं जोड. मग त्याच नंबरवरून 9966044425 ला मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा मेसेजनं येतो. दर महिन्याच्या 20 तारखेला बघत जा. एक महिना जरी चुकलेला दिसला तरी त्याच आठवड्यात विचार. एकटा जाऊ नकोस, बरोबरच्या चौघांना घेऊन जा. एकट्याला गेटबाहेर काढणं त्यांना सोपं असतं.

तुझा यूएएन आणि पासबुकाचं पहिलं पान मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. यूएएनला मोबाईल नंबर कुणाचा लागलाय तेही बघून कळव.

तुझे,
बाबा