तक्रार: फायरवॉलने अडवलेल्या स्कॅनसाठी स्कॅनर कार्ड बदलायला सांगितल्याबद्दल

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

फोंड्याच्या बाजारात माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे छोटे दुकान आहे. गिऱ्हाईक एक-चौदाचा उतारा नाहीतर आधारकार्ड घेऊन येते, मी काच उघडून कागद ठेवतो, प्रिंटरवरचे स्कॅनचे बटण दाबतो आणि कागद संगणकावर उतरतो. दोन वर्षे हे सुरळीत चालले होते.

जूनमध्ये विजांच्या कडकडाटात राउटर जळाला. नवा बसवला, प्रिंटर नव्या वायफायला जोडला. प्रिंट पहिल्या झटक्यात निघाली. स्कॅनचे बटण दाबले, तर पडद्यावर उत्तर एकच: संगणक सापडला नाही.

तुमच्या मदत क्रमांकावर सांगितले, फायरवॉल बंद करा. केली, आणि स्कॅन झाले. "सुटला की प्रश्न," म्हणून तक्रार बंद! लोकांच्या आधारकार्डांनी भरलेला संगणक मी फायरवॉलशिवाय उघडा ठेवायचा का, हे विचारायच्या आत फोन ठेवलेला होता. मी ती पुन्हा सुरू केली आणि स्कॅन पुन्हा बंद पडले.

दुसऱ्या तक्रारीवर तंत्रज्ञ आला. ६५० रुपये भेटशुल्क घेतले, दहा मिनिटे पाहिले आणि निदान केले: स्कॅनर कार्ड गेले, नवे ४,२०० रुपये. त्याच्या समोर त्याच काचेवरून मी झेरॉक्स काढून दाखवली. ती स्वच्छ आली. संगणकावरच्या स्कॅन प्रोग्रॅममधून सुरुवात केली तर तोच कागद संगणकावरही उतरला. कार्ड गेले असते तर यातले एकही झाले नसते. शिवाय फायरवॉल बंद केल्यावर कार्ड बरे होते, हे कसे?

खरे कारण शेजारच्या मुलाने, जो फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो, अर्ध्या तासात शोधले. प्रिंट काढताना संगणक स्वतः प्रिंटरकडे जातो. आपण होऊन बाहेर गेलेल्याला विंडोजची फायरवॉल सहसा अडवत नाही, त्याला आलेले उत्तरही आत घेते. संगणकावरून सुरू केलेले स्कॅन याच वाटेने जाते. प्रिंटरवरचे बटण दाबले की मात्र वाट उलटी होते. मग प्रिंटर संगणकाचे दार ठोठावतो. माझा प्रिंटर विंडोजच्या डब्ल्यूएसडी पद्धतीने जोडलेला आहे, त्यात हा निरोप टीसीपी ५३५७ या पोर्टवर येतो आणि एकमेकांचा शोध यूडीपी ३७०२ वर चालतो. ही दारे नेटवर्क डिस्कव्हरीच्या नियमांनी उघडतात, आणि विंडोज ते नियम खाजगी नेटवर्कवरच चालू ठेवते. नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवे, परके नेटवर्क. विंडोजने त्याला बसस्टँडवरच्या वायफायसारखे Public ठरवले आणि दारे लावून घेतली.

पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या मुलाने आधी पहिली ओळ चालवली. तीत NetworkCategory समोर Public दिसले, म्हणून दुसरी:

```
Get-NetConnectionProfile
Set-NetConnectionProfile -InterfaceAlias "Wi-Fi" -NetworkCategory Private
```

तरीही प्रिंटरच्या यादीत संगणकाचे नाव येईना, तेव्हा मीही धीर सोडला होता. मग services.msc मध्ये जाऊन त्याने Windows Image Acquisition (WIA) ही स्कॅनची सेवा पुन्हा सुरू केली आणि नाव आले. संगणक प्रिंटरला 'बटण दाबले की मला कळव' असे सांगून ठेवतो, ती नोंद आता नव्याने झाली असावी, असे त्याचे म्हणणे. फायरवॉल आज पूर्ण चालू आहे. हा बदल फक्त दुकानाच्या वायफायपुरता आहे, संगणक दुसरीकडे नेला तर तिथले नेटवर्क वेगळे मोजले जाते.

तंत्रज्ञावर माझा राग नाही, त्याला हातात दिलेल्या यादीत हा मुद्दाच नसावा. पण पहिल्याच फोनवर दोष फायरवॉलच्या वाटेत आहे हे सिद्ध झाले होते आणि ती नोंद तुमच्याकडे होती. ती न वाचता कार्ड विकायला निघणे मला मान्य नाही.

म्हणून ६५० रुपये परत करावेत आणि स्कॅनर कार्ड खराब असल्याचा शेरा माझ्या प्रिंटरच्या नोंदीतून काढावा. 'फायरवॉल बंद करा' हा सल्ला फोनवर देणे थांबवून आधी नेटवर्क Public आहे का, हे विचारायला लावावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

भेटशुल्काची पावती सोबत आहे. प्रिंटरवरचेच बटण दाबून स्कॅन केली आहे.

आपला,
एक ग्राहक
फोंडा, गोवा