ऑफिसातली रजिस्टरची फळी परत परत का वाकते

अध्यक्ष साहेब,
नमस्कार.

तुम्ही म्हणालात म्हणून काल सोसायटी ऑफिसातली ती भिंतीवरची लांब फळी नीट बघून घेतली, आयुष्यभर बिल्डिंगा तपासायचंच काम केलं त्यामुळे राहवलं नाही. मीटिंगमध्ये सगळे सुताराच्या नावाने ओरडत होते पण त्याने लाकडात फसवलेलं नाही, फळी चांगली आहे, चूक आहे ती मापात.

फळी 6 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 इंच जाड आणि आधार फक्त दोन टोकांना. वर साधारण 60 किलो रजिस्टरं, ती पण बारा महिने. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मापलं तर मधोमध 26 मिमी बाक. मग सगळं खाली उतरवलं तर लगेच निम्मा बाक गेला, बाकीचा तसाच राहिला. हा राहिलेला बाक म्हणजे क्रीप. लाकडावर वजन कायम राहिलं की पहिल्या दिवशी जेवढं वाकतं त्यावर ते हळूहळू अजून वाकत जातं, वजन एक किलोनेही न वाढता, आणि काही वर्षांत बाक दुप्पट होणं यात नवल काहीच नाही.

त्यात आपलं कोकण. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, पाऊस गेला की सुकतं, आणि वजनाखाली असताना हे ओलं-सुकं चालू राहिलं की क्रीप आणखी वाढतो. म्हणूनच गेल्या वर्षी कमिटीने फळी उलटी केली तेव्हा थोडे दिवस सरळ दिसली आणि पाऊस संपेपर्यंत परत खाली आली. पुन्हा उलटी करून काही होणार नाही, वार्निश मारूनही नाही, त्याने दमटपणा फक्त हळू शिरतो.

उपाय एकच, मध्ये आधार. फुटामागे वजन तेवढंच ठेवून दोन आधारांतलं अंतर निम्मं केलं की वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. जाडी दुप्पट केली तर आठव्या हिश्श्यावर, पण ते महाग पडेल. आणि मधला आधार ब्रॅकेटचा नको, आपली भिंत चिऱ्याची, स्क्रू ढिले होतात, त्यापेक्षा जमिनीपर्यंत उभा पाय द्या.

खालच्या बाजूला गाठीजवळ तडा आहे का ते मी बॅटरीने पाहिलं, नाही. तरी महिन्याला एकदा दोरी लावून माप लिहून ठेवा. बाक वाढायचा वेग कमी होत गेला तर चिंता नाही, पण तो उलट वाढायला लागला किंवा कुरकुर आवाज आला तर त्याच दिवशी फळी रिकामी करा.

पाय लावण्याआधी फळी आठवडाभर रिकामी ठेवा, अजून थोडी वर येईल. रजिस्टरं तोवर माझ्याकडे ठेवली तरी चालेल, आणि सुताराचं अडवलेलं बिल तेवढं सोडा.

आपला,
बी विंग, दुसरा मजला