लवादाची एकतर्फी नेमणूक आणि कर्जदाराची मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनकर्जाचे हप्ते थकले की काही वित्त कंपन्या कर्जदाराला एक नोटीस पाठवतात : ‘करारातील अटीनुसार आम्ही अमुक वकिलांची एकमेव लवाद म्हणून नेमणूक केली असून कामकाज चेन्नई येथे चालेल.’ ती कोर्टाची नाही असे समजून कर्जदार ती बाजूला ठेवतो आणि निवाडा हाती पडल्यावर आम्हा वकिलांकडे येतो. त्या वेळी त्याची तक्रार व्याजाबद्दल असते, नेमणुकीबद्दल नसते. माझ्या मते त्याची खरी बाजू मात्र नेमणुकीतच असते.

उदगीरच्या एका टेम्पोमालकाचे उदाहरण कल्पून पाहू. निवाडा 3 लाख 40 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के व्याज असा झाला आहे. लवादाची अट बारीक अक्षरांत होती, कोणी वाचून दाखवली नाही, हा त्याचा पहिला मुद्दा सहसा टिकत नाही, कारण लवाद व समेट अधिनियम, 1996 च्या कलम 7 ला सहीच्या कागदावर तशी अट असणे पुरते. दोन हप्ते रोखीने भरल्याच्या पावत्या घरी आहेत, हा दुसरा मुद्दाही बहुधा वाया जातो. निवाडा रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात करायचा कलम 34 खालचा अर्ज हे अपील नव्हे. न्यायालय पुराव्याचे नव्याने मोजमाप करत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अर्जदाराला आपले म्हणणे लवादापुढील कागदपत्रांवरूनच सिद्ध करावे लागते. त्याच पावत्या लवादापुढे दाखल केलेल्या असत्या आणि त्यांचा विचारही न करता निवाडा झाला असता, तर मात्र उघड बेकायदेशीरपणाचा मुद्दा मांडता आला असता. नोटीसच न मिळणे, बाजू मांडण्याची संधी न मिळणे, कराराबाहेरच्या वादावर निवाडा देणे, लवादाची नेमणूक नियमाप्रमाणे नसणे, सार्वजनिक धोरणाचा भंग, अशी कारणे कायद्यात आहेत; ‘निवाडा चुकला’ एवढेच कारण त्यांत नाही.

नेमणुकीचा मुद्दा यांहून वेगळा आहे. 2015 च्या दुरुस्तीने कलम 12(5) आले आणि पक्षकाराशी ठरावीक संबंध असलेली व्यक्ती लवाद होण्यास अपात्र ठरली. 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की ज्याचा निकालात हितसंबंध आहे, त्याला एकमेव लवाद नेमण्याचा एकट्याचा अधिकार असू नये. नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानेही सरकारी करारांतील अशा अटी समानतेच्या तत्त्वाला धरून नाहीत असे ठरवले. उदगीरच्या टेम्पोमालकाचा निवाडा रद्द होण्याची सर्वांत भक्कम शक्यता इथे आहे. ही हरकत सोडून द्यायची तर वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी तसा स्पष्ट लेखी करार करावा लागतो. केवळ सुनावणीला हजर राहिल्याने ती सुटत नाही, हे भारत ब्रॉडबँड प्रकरणात (2019) स्पष्ट झाले आहे. म्हणून ‘नेमणुकीस आमची हरकत नाही’ असा छापील कागद समोर आला तर त्यावर सही करू नये. नोटीस येताच लेखी हरकत पाठवावी. त्यानंतरही कामकाज चालूच राहिले तर कलम 14 खाली न्यायालयात जाता येते, निवाड्याची वाट पाहावी लागत नाही.

मुदतीबाबत कायदा फार कडक आहे. निवाड्याची सही असलेली प्रत 10 जूनला मिळाली, तर अर्ज 10 सप्टेंबरपर्यंत द्यायचा. तीन महिने म्हणजे कॅलेंडरचे महिने, नव्वद दिवस नव्हेत. सबळ कारण असेल तर न्यायालय आणखी तीस दिवस, म्हणजे 10 ऑक्टोबरपर्यंत, देऊ शकते. त्यापुढे एक दिवसही वाढवण्याचा अधिकार त्याला नाही. मुदत निवाड्याच्या तारखेपासून नव्हे, तर लवादाकडून सहीची प्रत मिळाल्यापासून मोजायची, हे महाराष्ट्र शासनाच्याच आर्क बिल्डर्स प्रकरणात 2011 मध्ये ठरले आहे. तेव्हा पाकीट आणि पोचपावती फेकू नये.

अडचण अशी की लवादाचे स्थान करारात चेन्नई लिहिलेले असेल, तर अर्जही तिथल्याच न्यायालयात करावा लागतो. वसुलीसाठी मात्र कंपनीला मालमत्ता असेल तिथल्या, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या न्यायालयात थेट येता येते. शिवाय नुसता अर्ज दाखल केल्याने वसुली थांबत नाही. कलम 36 खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि रकमेचा काही भाग जमा करण्याची अट न्यायालय घालू शकते. निवाडा रद्द झाला तरी कर्ज माफ होत नाही. कंपनी नव्याने, या वेळी दोघांच्या संमतीने किंवा उच्च न्यायालयामार्फत, लवाद नेमून घेऊ शकते आणि आधीच्या कामकाजात गेलेला काळ तिच्या मुदतीत मोजला जात नाही. टेम्पोमालकाच्या त्या दोन पावत्या लवादापुढे ठेवण्याची वेळ तेव्हा येते.

आपला,
एक वाचक (वकील), लातूर