रिकाम्या खाटेचा खर्च

महोदय,

‘जनरल वॉर्डात दिवसाला १४०० रुपये कसले घेतात?’ असं विचारणारं एका वाचकाचं पत्र आपल्याकडे वाचलं. तालुक्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाचे हिशेब मी लिहितो. आमचाही दर तेवढाच आहे, म्हणून बारा खाटांच्या आमच्या वॉर्डाचा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ढोबळ केले आहेत.

वॉर्डात कुणी असो वा नसो, सिस्टर आणि मावशींचे पगार, जागेचं भाडं, जनरेटरची देखभाल यांत महिन्याला २,४०,००० रुपये जातात. हा स्थिर खर्च. जेवण, चादरींची धुलाई, हातमोजे, सिरिंज यांचा खर्च दर रुग्णामागे रोज ३५० रुपये. हा बदलता. औषधं बिलात वेगळी लागतात. वीजबिलातला ‘स्थिर आकार’ सरळ पहिल्या खात्यात जातो. युनिटांवरून मात्र आमच्यात वाद होतो, कारण बोळातले दिवे वॉर्ड रिकामा असला तरी जळतात.

रात्री बाराला सिस्टर भरलेल्या खाटा रजिस्टरात लिहिते. महिन्याची बेरीज केली की रुग्ण-दिवस मिळतात. पावसाळ्यातल्या एका महिन्यात ते ३०० भरले. स्थिर खर्चाचा वाटा ८०० आणि वर ३५०, म्हणजे एका रुग्ण-दिवसाला ११५० रुपये. उन्हाळ्यात रुग्ण-दिवस १२० वर आले, तेव्हा वाटा २००० झाला आणि खर्च २३५० वर गेला. सिस्टर त्याच, जेवण तेच.

यावर एक विश्वस्त म्हणाले, ‘एका रुग्णामागे रोज ९५० रुपये तोटा होतोय, मग भरती कमी करा.’ इथेच फसगत होते. आणखी एक रुग्ण आला तर खर्च वाढतो ३५० नेच. १४०० मधून ते वजा जाता १०५० उरतात आणि स्थिर खर्चाला लागतात. २,४०,००० ला १०५० ने भागलं की साधारण २२९ रुग्ण-दिवस, म्हणजे रोज सरासरी पावणेआठ खाटा भरल्या तर खर्च निघतो. भरती कमी केली असती तर तोटा वाढलाच असता.

अर्थात हे गणित सरळ रेषेत चालत नाही. दहाच्या वर रुग्ण गेले की रात्री एक सिस्टर पुरत नाही, जादा बोलवावी लागते. तो खर्च रुग्णागणिक नाही, एकदम पायरीसारखा चढतो.

शिवाय ३५० ही सरासरी आहे. भरतीच्या दिवशी नवी चादर, सलाईनचा सेट, सुई असं सगळं एकदम लागतं. चौथ्या दिवशी जेवण आणि धुलाई एवढंच. त्यामुळे दोन-दोन दिवसांचे तीन रुग्ण आणि सहा दिवसांचा एक रुग्ण रजिस्टरात सारखेच दिसतात, स्टोअरच्या वहीत मात्र नाही.

आपला,
एक हिशेबनीस, सातारा जिल्हा