मिनिटाला १०६ पावले आणि थरथरणारा पोटमाळा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोखंडी पोटमाळ्यावर ऑफिस थाटलेल्या एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. कोणी चालले की टेबल थरथरते, तेव्हा माळा पडेल का, असा त्यांचा प्रश्न होता. मी चाळीस वर्षे स्ट्रक्चरल डिझाइनचे काम केले. न पाहता त्यांच्या माळ्याबद्दल काही सांगणे योग्य नाही. पण गेल्या वर्षी अंधेरीच्या एका गाळ्यात नेमकी हीच तक्रार घेऊन मला बोलावले होते. तिथली हकिगत त्यांना उपयोगी पडेल.

तळमजल्याचा उंच गाळा होता, खाली गोदाम आणि वर आठ-दहा माणसांचे ऑफिस. माळा रीतसर परवानगीचा. सहा मीटर लांबीचे आयएसएमबी २०० बीम, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीचे आय आकाराचे लोखंडी बीम, दर १.८ मीटरवर एक. दोन्ही टोकांना ते आडव्या गर्डरवर टेकलेले. गर्डर आयएसएमबी २२५, त्यांची लांबी ५.४ मीटर. वर सिमेंट बोर्ड आणि व्हिनाइल. फॅब्रिकेटरने ठामपणे सांगितले, "साहेब, माल कमी टाकलेला नाही." ते खरे होते. ऑफिससाठी माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला अडीचशे किलो वापरभार धरला, तरी बीम मजबुतीत आरामात बसत होता. त्या भाराखाली त्याचा मधला वाक १७ मिलिमीटर येत होता आणि लांबीच्या तीनशेव्या भागाच्या नियमाने २० चालतो. म्हणजे पडण्याची भीती नव्हती.

तरीही चहावाला पोऱ्या ट्रे घेऊन गेला की मॉनिटर डुलत. हिशेब लिहिणाऱ्या बाईंना दुपारनंतर मळमळे. एक गोष्ट त्यांनीच मला सांगितली आणि ती मोलाची होती: शनिवारी ऑफिस अर्धे रिकामे असले की थरथर जास्त जाणवते. भार कमी तर हालचाल कमी, असा आपला समज असतो. इथे उलटे होते, कारण बसलेली माणसे, फायलींची कपाटे, पार्टिशन ही सारी कंप जिरवतात. माणसे कमी झाली की कंप रेंगाळतो.

वाक आणि कंप या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, आणि दुसरी बहुतेक वेळा कोणी करतच नाही. ती अवघडही नाही. मजल्यावर रोज जेवढे वजन खरोखर असते, तेवढ्याच वजनाने बीम किती मिलिमीटर वाकतो ते काढायचे, त्याचे वर्गमूळ घ्यायचे आणि १८ ला त्याने भागायचे. येते ती बीमची नैसर्गिक वारंवारता, हर्ट्झमध्ये, म्हणजे एकदा हलवून सोडला तर तो सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल. इथे पूर्ण अडीचशे किलो धरायचे नाहीत, कारण तेवढे वजन माळ्यावर कधीच नसते. मी बोर्ड-छताचे साठ किलो, वापरभाराचा दहावा हिस्सा म्हणजे पंचवीस किलो आणि बीमचे स्वतःचे वजन धरले. वाक आला ६.७ मिलिमीटर. त्याचे वर्गमूळ २.६, म्हणून वारंवारता ६.९ हर्ट्झ.

इथे थांबले की फसगत होते. बीम ज्या गर्डरवर बसला आहे, तोही वाकतो. त्याच वजनाखाली गर्डरचा वाक ४.८ मिलिमीटर होता. मजल्याच्या मध्यावर उभ्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही वाक एकावर एक चढतात. बेरीज ११.५, वर्गमूळ ३.४, आणि वारंवारता उतरली ५.३ हर्ट्झवर.

आता माणूस चालतो मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावले, म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास. मग ५.३ शी त्याचा संबंध काय? झोपाळा आठवा. दर झोक्याला ढकलले नाही, दर तिसऱ्या झोक्याला वेळ साधून ढकलले, तरी तो चढत जातो. पाऊल आधी टाचेवर पडते, मग चवड्यावर उचलले जाते. त्यामुळे त्याच्या दाबात पावलांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे लहान हेलकावेही मिसळलेले असतात. ५.३ ला तीनने भागा, मिनिटाचे गणित करा, १०६ येतात. म्हणजे घाई नसलेल्या माणसाची चाल.

कागदावरचे आकडे पटवायला मी मोबाइलवर मेट्रोनोम लावला आणि तिथल्याच एका मुलाला ठोक्यावर चालायला सांगितले. नव्वदला फारसे काही नाही. एकशेदहाला टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात स्पष्ट वर्तुळे उठली. एकशेतीसला पुन्हा शांत. मोबाइलच्या कंपमापक अ‍ॅपने ५.५ हर्ट्झ दाखवले. गणितापेक्षा थोडे जास्त, कारण बोल्ट केलेला जोड गणितातल्या बिजागरीइतका मोकळा नसतो.

याच चालीचा माणूस आपल्या इमारतीतल्या काँक्रीटच्या स्लॅबवर चालला तर काही कळत नाही. १०० मिलिमीटर जाडीचा स्लॅबच चौरस मीटरला अडीचशे किलोचा असतो. पावलाचा जोर तोच, पण हलवायचे वजन कितीतरी जास्त. हलक्या मजल्याला ही सवलत नाही, म्हणून त्याची वारंवारता निदान आठ-नऊ हर्ट्झच्या वर ठेवावी. तिथे पावलांचे तिसरे-चौथे हेलकावे पोहोचतच नाहीत. वारंवारता एवढी वाढली तरी प्रत्येक पावलाचा सुटा धक्का उरतोच, पण तो साठत जात नाही.

मालकाची सूचना होती की दोन्ही गर्डरखाली मधोमध एकेक खांब द्यावा. मी नको म्हटले. गर्डरचा वाक पूर्ण गेला असे धरले, तरी उरतात बीमचे ६.९ हर्ट्झ, आणि हा मजला फार हलका. चौथा हेलकावा मिनिटाला एकशेचार पावलांनाच तिथे पोहोचला असता. खर्च होऊन तक्रार राहिली असती. त्याऐवजी बीमच्या मधोमध खालून तिसरा गर्डर घेतला आणि त्याला तीन खांब दिले. सहा मीटरचे तीन-तीन झाले. लांबी निम्मी झाली की वारंवारता चौपट होते, त्यामुळे बीमचा प्रश्न मिटला. बीमचे बरेचसे वजन मधल्या गर्डरने उचलल्याने टोकाच्या गर्डरांवरचा भार उतरला आणि तेही बाराच्या आसपास गेले. खांब बसवण्यापूर्वी खालची फरशी उकरून पाहिली, कारण पीसीसीच्या, म्हणजे सळ्या नसलेल्या काँक्रीटच्या, पातळ थरावर खांब टेकवणे म्हणजे नवे दुखणे.

डिझाइनच्या वेळीच हे पाहिले असते तर? खांब न वाढवता बीम आयएसएमबी २५० आणि गर्डर ३०० घेऊनही आठच्या जवळ जाता आले असते. लोखंड सुमारे सव्वाचारशे किलो जास्त लागले असते, म्हणजे मूळच्या जवळजवळ निम्मे. मालक तेव्हा हो म्हणाला असता का, शंका आहे.

आपल्या पोलाद संहितेत, आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत, मजल्याच्या कंपनावर स्वतंत्र परिशिष्ट आहे. पण ते पाहिले की नाही, हे कोणी विचारत नाही. म्हणून त्या वाचकांना विनंती, आपल्या इंजिनीअरला माळ्याची वारंवारता किती हे विचाराच, आणि उत्तर आले की लगेच विचारा, "यात गर्डर धरला आहे का?" मात्र थरथरीबरोबर जोडाचे बोल्ट सैल दिसले, वेल्डला चीर दिसली किंवा माळा कायमचा खाली बसलेला वाटला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा माळा रिकामा करून आधी मजबुतीची तपासणी करावी.

अंधेरीच्या बाईंची मळमळ थांबली. गोदामवाला मात्र मधल्या खांबाला ट्रॉली आपटते म्हणून अजून माझ्यावर नाराज आहे.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई