चहाच्या कवितेबद्दल

प्रिय नंदू,

तुझी कविता पुन्हा पुन्हा वाचली. काकूंसाठी तू ओट्याच्या वर कागद चिकटवलास, चहा कसा करायचा ते पायरीपायरीने लिहून, आणि त्यातून ही कविता सुचली, हे वाचून मला भरून आलं. पण कवितेची पहिलीच ओळ ‘आई, तू विसरत चाललीस’ अशी आहे. तिथे सगळं सांगून झालं, आणि मग पुढचा चहा कशाला वाचायचा? अशा कवितेत कृती खरी चालत राहावी लागते. गोष्ट तिच्या फटींतून दिसली पाहिजे.

तू ‘घ्यावे’, ‘घालावी’ असं पाकपुस्तकासारखं लिहिलं आहेस. त्या क्रियापदांसमोर कुणीच उभं नसतं. भिंतीवरच्या कागदावर मात्र तू ‘घे’, ‘घाल’ लिहिलंस, कारण तिथे आई उभी आहे. तोच सूर कवितेत हवा. तुझेच तपशील घेऊन मी अशी मांडून पाहिली:

एक कप पाणी घे. एकच.
पातेलं ओट्यावर आहे, शोधू नकोस.
आलं ठेचून आधी पाण्यात उकळ, दूध नंतर.
लाल चिठ्ठीचा डबा साखरेचा.
दीड चमचा घाल. मग चमचा बाहेर ठेव,
म्हणजे घातली हे कळेल.
चहापूड एक चमचा. झाकण. दोन मिनिटं.
दूध घाल. वर येईपर्यंत तिथेच उभी राहा,
फोन वाजला तरी.
गॅस बंद कर. हात लावून बटण पुन्हा बघ.
निळी कपबशी घे.
दुसरी काढलीस तर परत ठेव,
बाबांचा चहा झालाय.
त्यांच्या चपला दारात नसल्या तरी शोधायला जाऊ नकोस.
गरम आहे तोवर पी.
सहा वाजता कुलूप उघडल्याचा आवाज येईल.
घाबरू नकोस, किल्ली माझ्याकडे आहे.
मी ‘आई’ अशी हाक मारीन.
तू ओ दे.

आल्याची ओळ मी मुद्दाम ठेवली. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर त्यातल्या पाचक द्रव्याने दूध फाटू शकतं. पाण्यात नीट उकळलं की तो जोर जातो. रोज चहा करणारा वाचक ही ओळ वाचून मनात म्हणेल, हिला चहा येतो. एकदा तसा विश्वास बसला की लाल चिठ्ठीकडेही तो सोय म्हणूनच पाहतो. खटका बसतो तो चमच्यापाशी. साखर घातली हे लक्षात राहावं म्हणून चमचा बाहेर? कुठल्याही चहाला ही पायरी लागत नाही, ती लागते पिणाऱ्या माणसाला. तिथून वाचक मागे वळतो आणि पहिल्या ओळीतलं ‘एकच’ त्याला आता वेगळं ऐकू येतं.

सगळ्यांत जास्त वेळ मी बाबांच्या ओळीवर घालवला. तू लिहिलं होतंस, ‘बाबा आता नाहीत, फोटोला हार आहे’. नंदू, खऱ्या कागदावर हे तू कधी लिहिशील का? काकू दर सकाळी ते वाचतील आणि दर सकाळी त्यांना पहिल्यांदाच कळेल. तूच मागे सांगितलंस की त्या विचारतात तेव्हा तू ‘त्यांचा झालाय’ म्हणतेस. तेच कवितेत येऊ दे. काकूंसाठी ते साधं उत्तर आहे, आणि वाचकाला त्या उत्तरामागची तू दिसतेस. चपलांची ओळ नसती तर मात्र बाबा फिरायला गेलेत असंच वाटलं असतं, म्हणून ती हवी.

उतू जाणाऱ्या दुधाला तू ‘उरातली उकळी’ म्हटलं होतंस, ते मी काढलं. दुधाला दुधासारखंच वर येऊ दे. या कवितेत भावनेचं नाव एकदाच येतं, ‘घाबरू नकोस’मध्ये, आणि तीही सूचनाच आहे. दुसरं कुठलंही नाव आलं की सूचना देणारी मुलगी बाजूला पडते आणि कवयित्री बोलायला लागते.

एक करून बघ. शेवटच्या आठ ओळी झाकून कविता कुणाला तरी वाचून दाखव. तो नुसता चहाबद्दल बोलला तर चमच्याची ओळ फिकी पडली असं समज. लगेच ‘आजारी कोण आहे?’ म्हणाला तर चिठ्ठी आणि चमचा फार जवळ आलेत. मध्ये एखादी निव्वळ चहाची पायरी घाल, गवती चहाच्या दोन पात्या चालतील.

‘ओ दे’च्या पुढे तुझ्या चार ओळी होत्या, त्या मी घेतल्या नाहीत. काकू ओ देतात की नाही, हे कवितेला ठाऊक नसलेलंच बरं. तुला पटलं नाही तर भांड माझ्याशी, पण बाबांची ओळ बदलू नकोस.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
सुमा